दाताची कीड आणि पांढरा डाग

आमच्या घरी कोणाचा दात दुखू लागला की आजी म्हणते, "कीड लागली." शेजारच्या अज्जी त्याच दाताला कानडीत 'हुळुकु हल्लु' म्हणतात. 'हुळु' म्हणजे किडा. भाषा दोन, पण समजूत एकच : दातात कुठूनतरी किडा शिरतो आणि लाकूड पोखरावे तसा दात आतून पोखरत जातो. ह्या समजुतीमुळे आणखी एक गोष्ट आपण गृहीत धरतो. कीड एकदा लागली की ती पुढेच जाणार, मागे फिरणार नाही. दात भरायचा किंवा काढायचा, एवढेच आपल्या हाती.

गेल्या वर्षीपर्यंत मीही असेच मानत होते. खालची उजवी दाढ थंड पाण्याने ठणकू लागली म्हणून मी दंतवैद्यांकडे गेले. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते आणि ती दुधाची समजून घरातले दुर्लक्ष करतात, पण ती कायमची असते. तिच्यात खड्डा पडला होता आणि तो भरावा लागला. ते काम झाल्यावर डॉक्टरांनी माझ्या हातात आरसा दिला. वरच्या सुळ्यावर, हिरडीलगत साचलेला थर त्यांनी कापसाने पुसला आणि त्यावर पाच सेकंद हवेचा झोत सोडला. खडूने रेघ ओढावी तसा एक पांढरट पट्टा तिथे उमटला. लाळ लागताच तो दिसेनासा झाला. पुन्हा हवा सोडली, पुन्हा उमटला.

"ही पण कीडच," डॉक्टर म्हणाले. "दाढेत सापडली ती उशिरा सापडली. ही वेळेवर सापडली. हिला मी हात लावणार नाही, तू लावायचा."

एकाच तोंडात, एकाच रोगाच्या दोन अवस्था. एक भरावी लागली, दुसरी मागे फिरू शकते. असे का, हे समजून घेण्यासाठी मी जे वाचले आणि विचारले ते येथे मांडत आहे.

थर आणि आम्ल

आधी किड्याचा निकाल लावू. अमेरिकेत जन्मलेले व बर्लिनमध्ये काम करणारे दंतवैद्य डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० साली तोंडातील सूक्ष्मजीवांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. काढलेले दात लाळ आणि पिष्टमय अन्न यांच्या मिश्रणात उबदार ठेवले की ते मऊ पडतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. जंतू अन्नातील शर्करेपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळवते, हा त्यांचा निष्कर्ष होता. तो आजही मुळात टिकून आहे. दात पोखरणारा किडा नाही. दात विरघळवणारे आम्ल आहे.

पण मग एक प्रश्न उरतो. आम्ल साऱ्या तोंडात पसरत असेल तर सगळा दात सारखा का झिजत नाही? ठरावीक जागीच कीड का लागते? याचे उत्तर दातावरच्या थरात आहे. ह्या थराला प्लाक म्हणतात. रात्री दात न घासता झोपले की सकाळी नखाला जो पांढुरका, चिकट लगदा लागतो, तोच हा. लोक ज्याला किटण म्हणतात ते ह्या थराचे पुढे दगडासारखे झालेले रूप. कीड लावणारा थर मात्र मऊ असतो. तो अन्नाचा चोथा नव्हे, ती जंतूंची दाट वस्ती आहे. त्यातील स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स ह्या जंतूची ओळख १९२४ साली इंग्लंडमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी पटवली. आम्ल करणारे इतरही जंतू त्या वस्तीत असतात. म्यूटन्सचे विशेष असे की नेहमीच्या साखरेपासून तो आम्ल तर करतोच, शिवाय एक चिकट पदार्थही तयार करतो. त्यामुळे थर दाताला घट्ट धरून बसतो, आणि आत तयार झालेले आम्ल लाळेने धुऊन जाण्याऐवजी दाताच्या अंगालाच कोंडून राहते.

म्हणून कीड लागते ती थर निवांत बसून राहील अशा जागी : हिरडीलगत, दोन दातांच्या फटीत आणि दाढांच्या वरच्या खाचांत. जीभ आणि गाल जिथे सतत घासतात तो दाताचा फुगीर भाग सहसा सुटतो.

अर्ध्या तासाचा खेळ

आम्लता मोजण्याचे माप म्हणजे सामू. सात हा उदासीन, त्याखाली आम्ल. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, म्हणजे सातावरून पाचावर आला की शंभरपट. अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात अँटिमनीचे अगदी बारीक विद्युदग्र थेट प्लाकमध्ये टेकवून हा सामू मोजला. माणसाला ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावली की दोन ते पाच मिनिटांत थराचा सामू झपकन उतरतो. मग तो हळूहळू वर चढतो आणि पूर्वपदावर यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. हा आलेख आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आता दाताकडे वळू. दाताच्या बाहेरच्या कवचाला एनॅमल म्हणतात. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो, आणि ते खनिज म्हणजे मुख्यतः हायड्रॉक्सीअॅपेटाइट. आम्लात ते असे विरघळते :

Ca10(PO4)6(OH)2 + 8H+ → 10Ca2+ + 6HPO42− + 2H2O

रसायनाच्या विद्यार्थ्याला ह्या समीकरणात एक गोष्ट चटकन दिसेल. आम्ल वाढले की क्रिया उजवीकडे जाते. आम्ल कमी झाले आणि भोवती कॅल्शियम व फॉस्फेट भरपूर असले की ती डावीकडेही जाऊ शकते. लाळेत ही दोन्ही द्रव्ये भरपूर असतात, शिवाय आम्ल मारणारे बायकार्बोनेटही असते. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमल खनिज गमावू लागते. वर आला की गमावलेले थोडेथोडे परत मिळवू लागते. ५.५ ही काही दगडावरची रेघ नव्हे. ज्याच्या लाळेत कॅल्शियम-फॉस्फेट जास्त, त्याची रेघ थोडी खाली असते. पण हिशेबाला हा आकडा पुरतो.

मी माझाच हिशेब केला. प्रत्येक गोड घासामागे किंवा घोटामागे सामू साधारण अर्धा तास ५.५ च्या खाली राहतो असे धरू. सकाळची न्याहारी, दुपारचे आणि रात्रीचे जेवण मिळून दीड तास झाला. दात तो सहज भरून काढतो, कारण उरलेला सारा दिवस लाळेच्या हाती असतो. पण परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहात माझे काय चालले होते? कॅन्टीनचा साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा, वाचता वाचता तोंडात गोळी, आणि घरून आलेला कुंदा रात्री बारा वाजता चमचाभर. दिवसाचे दहा हल्ले झाले, म्हणजे पाच तास. त्यातही मध्यरात्रीचा कुंदा सर्वांत महाग पडतो, कारण झोपेत लाळ जवळजवळ आटते आणि सामू वर यायला फारच वेळ लागतो.

ह्या हिशेबात साखर किती ग्रॅम खाल्ली हा प्रश्न मागे पडतो आणि किती वेळा खाल्ली हा पुढे येतो. तोच कुंदा जेवणाबरोबर खाल्ला असता तर त्याच्यासाठी वेगळा अर्धा तास मोजावा लागला नसता.

पांढरा डाग म्हणजे काय?

देणे-घेणे रोज चालते. देणे वरचढ झाले की काही आठवड्यांत ते डोळ्यांना दिसू लागते, आणि त्याचे पहिले दर्शन म्हणजे पांढरा डाग.

ह्या डागाची रचना चमत्कारिक आहे. आम्ल बाहेरून येते, तेव्हा खनिज आधी बाहेरचे जायला हवे. प्रत्यक्षात पृष्ठभाग बराचसा शाबूत राहतो आणि खनिज त्याच्या खालून जाते. बाहेरचा, केसाहूनही पातळ असा पापुद्रा का टिकतो? एक तर दाताच्या पृष्ठभागात फ्लोराइड अधिक मुरलेले असते आणि त्यामुळे तो विरघळायला कठीण. दुसरे म्हणजे खालून विरघळून बाहेर निघालेले कॅल्शियम-फॉस्फेट पृष्ठभागाशी येऊन पुन्हा तिथेच बसते. छप्पर उभे आणि घर पोकळ, अशी ही अवस्था. निरोगी एनॅमलमध्ये छिद्रांची जागा जेमतेम ०.१ टक्का असते. डागाच्या गाभ्यात ती ५ टक्क्यांपासून वाढत मध्यभागी २५ टक्क्यांपर्यंत जाते.

आणि डाग पांढरा का दिसतो? दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर पाणी ओतले की ती पारदर्शक होते आणि वाळली की पुन्हा पांढरी, हे आपण पाहिलेले आहे. येथे तेच घडते. एनॅमलचा अपवर्तनांक १.६२, पाण्याचा १.३३, हवेचा १.०. छिद्रांत लाळ भरलेली असते तेव्हा दोन्हींतला फरक कमी असतो, प्रकाश फारसा विखुरत नाही आणि डाग लपतो. हवेने छिद्रे कोरडी केली की फरक वाढतो, प्रकाश चहूकडे विखुरतो आणि डाग उमटतो.

डॉक्टर हवेचा झोत सोडत होते तो याचसाठी. ते नुसते दाखवणे नव्हते, मोजणेही होते. फक्त वाळवल्यावरच दिसणारा डाग सहसा एनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्या भागात असतो. ओला असतानाही दिसत असेल तर छिद्रे इतकी वाढली आहेत की पाणीही त्यांना लपवू शकत नाही. असा डाग खोल गेलेला असतो, कधी खालच्या थरापर्यंतही. माझ्या सुळ्यावरचा डाग पहिल्या प्रकारचा होता. त्याच्या मागच्या दातावर एक दुसऱ्या प्रकारचाही निघाला.

येथे आपल्या भागापुरती एक सूचना. विजापूर-बागलकोटकडील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते आणि तिथे वाढलेल्या मुलांच्या दातांवरही पांढरे पट्टे दिसतात. ती कीड नव्हे. ते डाग दात हाडात घडत असतानाच पडलेले असतात. म्हणून ते डाव्या-उजव्या बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात, दातभर अस्पष्ट पसरतात आणि त्यांचा हिरडीशी काही संबंध नसतो. किडीचा डाग थराच्या जागी, बहुधा हिरडीच्या कमानीला समांतर असतो.

मागे फिरण्याचा पुरावा

पांढरा डाग मागे फिरतो हे कशावरून? १९७० साली फॉन डर फेर, लो आणि थैलाडे यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्याच वयाच्या मुलांवर, दंतविद्येच्या विद्यार्थ्यांवर झाला होता. २३ दिवस त्यांनी दात घासणे बंद ठेवले. त्यांच्यातील काहींनी शिवाय दिवसातून नऊ वेळा साखरेच्या ५० टक्के द्रावणाने चूळ भरली. तीन आठवड्यांत हिरडीलगत डाग दिसू लागले. साखरेच्या गुळण्या करणाऱ्यांत ते अधिक होते. मग सर्वांनी दात काटेकोर घासायला आणि फ्लोराइडच्या पाण्याने रोज चूळ भरायला सुरुवात केली. त्यानंतर दातांची स्थिती पुन्हा प्रयोगापूर्वीसारखी झाली. कोणाचाही दात कोरावा किंवा भरावा लागला नाही.

येथे फ्लोराइडचे काम समजून घेण्यासारखे आहे. खनिज परत बसत असताना भोवती थोडे फ्लोराइड असेल तर बसण्याचा वेग वाढतो आणि जे नवे खनिज बनते ते जुन्याहून चिवट असते. ते विरघळायला सामू ४.५ च्या आसपास उतरावा लागतो. म्हणजे सावरलेली जागा पहिल्यापेक्षा थोडी बळकट होते.

छप्पर कोसळते तेव्हा

डाग तसाच राहिला आणि हल्ले चालू राहिले तर छिद्रांतून आम्ल आत झिरपते व एनॅमलच्या खालच्या डेंटीन ह्या थराला पोहोचते. डेंटीनमध्ये खनिज वजनाने सुमारे ७० टक्केच असते आणि ते विरघळायला सौम्य आम्लही पुरते. सामू सहाच्या वर असतानाच त्याची झीज सुरू होते. त्यातून बारीक नळ्या थेट दाताच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे नस व रक्तवाहिन्या असतात तिथपर्यंत गेलेल्या असतात. दातही स्वस्थ बसत नाही. तो ह्या नळ्या खनिजाने बुजवू लागतो आणि आतल्या बाजूने नवे डेंटीन घालतो. बाहेरून दाढेच्या खाचेखाली करडी सावली दिसते. भोक मात्र अजून नाही आणि दुखणेही बहुधा नाही.

मग एके दिवशी आधार गेलेला पापुद्रा खचतो. सुपारी फोडताना किंवा चण्याचा दाणा चावताना 'कट्' झाले आणि दात तुटला असे आपण सांगतो. त्याचे आतले काम कधीच झालेले असते. ह्या क्षणी रोगाचे स्वरूप बदलते. आतापर्यंत जंतू बाहेर होते, आत फक्त आम्ल जात होते. आता जंतू स्वतः आत राहायला जातात. खड्ड्यात ब्रशचा केस पोहोचत नाही, लाळ खेळत नाही, आणि थर कायमचा निवांत होतो. खनिज गेल्यावर उरलेला तंतुमय सांगाडा जंतूंची पाचक द्रव्ये कुजवतात. हरवलेला आकार कोणतीही पेस्ट परत आणू शकत नाही. म्हणून माझी दाढ भरावी लागली आणि सुळा भरावा लागला नाही. तिथे खनिज गेले होते. येथे आकार गेला होता.

दुखणे येते ते बहुधा यानंतर. गोड किंवा थंड लागताच कळ येऊन लगेच जाते तोवर गाभा सहसा वाचवता येतो. कळ काही निमित्त नसताना येऊ लागली, रेंगाळू लागली, रात्री झोप मोडू लागली, की गाभा कायमचा बिघडल्याची ती खूण असते. म्हणजे दुखले की दाखवू, हा आपला नियम रोगाचा पूर्वार्ध सोडून देणारा आहे.

सुळ्याचे पुढे काय झाले

मला दिलेले काम साधे होते. हिरडीलगत ब्रश आडवा टेकवून थर रोज दोनदा पूर्ण काढायचा. पेस्टवर फ्लोराइड किमान १००० पीपीएम लिहिलेले पाहायचे. घासून झाल्यावर फक्त थुंकायचे, भसाभस चूळ भरून ते धुऊन टाकायचे नाही. आणि गोड खायचे ते जेवणाबरोबर. डागाला टोकदार वस्तूने, टाचणीने, टूथपिकने टोचून पाहायचे नाही, कारण वाचवायचा आहे तो पापुद्राच. दात दिसायला पांढरे व्हावेत म्हणून मिसरीने किंवा राखेने घासण्यालाही त्यांनी मनाई केली.

सहा महिन्यांनी पुन्हा आरसा हातात आला. सुळ्यावरचा डाग हवा सोडूनही उमटला नाही. मागच्या दातावरचा मात्र होता. मी हिरमुसले, तेव्हा डॉक्टरांनी तो नीट पाहायला लावला. पूर्वी तो खडूसारखा मंद आणि खरखरीत होता. आता गुळगुळीत होता आणि बाकीच्या दातासारखाच चमकत होता. खनिज परत बसते ते मुख्यतः पृष्ठभागाजवळ. खोलवरची छिद्रे पूर्ण बुजतीलच असे नाही. म्हणून जखम भरून व्रण राहावा तसा असा डाग वर्षानुवर्षे राहतो, कधी चहाचा रंग धरून तपकिरीही होतो. चमक आणि कठीणपणा आला म्हणजे कीड थांबली; पांढरेपणा गेलाच पाहिजे असे नाही.

ह्या उपायाची मर्यादाही त्यांनी सांगितली. सुळ्यावरचा डाग आरशात दिसतो. दोन दाढांच्या फटीतला दिसत नाही. तिथे क्ष-किरण चित्र घ्यावे लागते, आणि त्यातही खनिजाचा मोठा भाग गेल्याशिवाय छाया उमटत नाही. दाढेच्या खाचा तर ब्रशच्या केसापेक्षा अरुंद असतात. म्हणून दाढ नवी उगवलेली असतानाच त्या भरून घेण्याची सोय असते. माझ्या दाढेच्या वेळी ते कोणी केले नाही.

घरी आल्यावर आजीला मी सांगितले की किडा नसतो, आम्ल असते. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुझ्या धाकट्या भावाच्या दाढा आल्यात, त्या दाखवल्यास का?"

पुढच्या रविवारी त्याला घेऊन गेले. तो सात वर्षांचा आहे. त्याच्या चारही दाढांवर हवेचा झोत सोडून पाहिला. एका दाढेच्या खाचेच्या काठाला, फक्त वाळवल्यावर दिसणारी, एक बारीक पांढरी रेघ होती.